एअर प्युरिफायर घेताना खोलीचं घनमाप, सीएडीआर आणि फिल्टर बदलायची वेळ: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

उसाचा हंगाम सुरू झाला की शेतात पाचट पेटतं, कारखान्यांच्या चिमण्या धूर सोडायला लागतात आणि थंडीमुळे तो धूर पहाटे जमिनीलगतच बसून राहतो. त्यात हायवेची धूळ आणि शहरातली खोदाई. नेमक्या याच दिवसांत आमच्या भागातली माणसं प्युरिफायरबद्दल विचारायला लागतात. दुकानात मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा खोक्यावरच्या एका आकड्यापुरती असतात, आणि तो आकडा आपल्याकडच्या उंच छताच्या, कौलारू घरांना लागू पडत नाही. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

सीएडीआर म्हणजे नेमकं काय?

मशीन तासाभरात किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं, त्याचं माप म्हणजे सीएडीआर. पंखा किती हवा फेकतो आणि फिल्टर त्यातली किती धूळ अडवतो, या दोन्ही गोष्टी त्यात धरलेल्या असतात. तासाला ३०० घनमीटर हवा फेकणाऱ्या मशीनचा फिल्टर निम्मेच कण अडवत असेल, तर त्याचा सीएडीआर १५०च. म्हणून ‘हेपा एच १३’ हा बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा दर्जा, एवढंच वाचून मशीन घेऊ नका. उत्तम फिल्टरमागे लहान पंखा बसवला, तर मशीन थोडी हवा फार स्वच्छ करतं आणि खोलीतली बाकीची हवा होती तशीच राहते.

भारतात हा आकडा बहुधा घनमीटर प्रति तास असा दिलेला असतो. बाहेरून आलेल्या मशीनवर तो घनफूट प्रति मिनिट असा असू शकतो. त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. २०० आणि ३४० हे आकडे वेगळे दिसतात, पण एकक वेगळं असेल तर मशीन तेवढ्याच ताकदीचं असतं.

खोक्यावर ‘३२३ स्क्वेअर फुटांपर्यंत’ लिहिलंय. माझी खोली १२ बाय १४, म्हणजे १६८ स्क्वेअर फूट. मग याच्या निम्म्या ताकदीचं मशीन चालेल ना?

नाही चालणार. फसगत होते ती याच ठिकाणी.

खोक्यावरचे ते स्क्वेअर फूट सीएडीआरवरून काढलेले असतात. चीनच्या मानकात यासाठी एक सोपं सूत्र आहे: सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणायचं, म्हणजे चौरस मीटर मिळतात. जाहिरातीसाठी अर्थातच वरचा आकडा घेतला जातो. तुमच्या खोक्यातल्या मशीनचा सीएडीआर २५० आहे. २५० गुणिले ०.१२ म्हणजे ३० चौरस मीटर, म्हणजेच ३२३ स्क्वेअर फूट. या हिशोबात छत साधारण आठ फुटांचं धरलेलं असतं.

शहापूर, वडगाव, खडेबाजारातल्या जुन्या घरांत छत अकरा-बारा फुटांवर असतं. खरोखरच ३० चौरस मीटरच्या आणि अकरा फूट उंचीच्या खोलीत हे मशीन ठेवलं, तर खोलीत १०० घनमीटर हवा भरते आणि मशीन ती तासाला अडीच वेळाच गाळतं. धुरासाठी ते कमी पडतं. अमेरिकेतल्या उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा नियम आठ फूट छत धरून तासाला जवळजवळ पाच वेळांचा आहे. मी पाच हाच आकडा धरून चालतो. घरात दमेकरी माणूस असेल तर त्याहून थोडा जास्तच.

मग माझ्या खोलीचा हिशोब कसा करू?

टेप घ्या. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ३५.३ ने भागा. उत्तर घनमीटरमध्ये येतं.

तुमची खोली घेऊ. १२ गुणिले १४ गुणिले ११ म्हणजे १,८४८ घनफूट. ३५.३ ने भागलं की सुमारे ५२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची म्हणजे ५२ गुणिले ५, म्हणजे २६० सीएडीआर. खोक्यावर ३२३ स्क्वेअर फूट लिहिलेलं ते २५० चं मशीन तुमच्या १६८ स्क्वेअर फुटांच्या खोलीला जेमतेम पुरतं, तेही फुल स्पीडवर. टिळकवाडीतल्या नव्या फ्लॅटमध्ये हीच खोली साडेनऊ फूट उंचीची असेल, तर ४५ घनमीटर भरते आणि २२५ ची गरज पडते.

कपाट-पलंगाची जागा वजा करत बसू नका. त्याने फारसा फरक पडत नाही. मात्र खोलीला दार नसेल, नुसती कमान किंवा पडदा असेल, तर पलीकडची खोलीही मापात धरावीच लागते. सोपा आणि माजघर एकमेकांत उघडे असतील तर हवेच्या दृष्टीने ती एकच खोली.

फुल स्पीडवर फार आवाज होतो. रात्री स्लीप मोडवर ठेवलं तर चालत नाही का?

खोक्यावरचा सीएडीआर फुल स्पीडचा असतो. स्लीप मोडमध्ये तोच कितीतरी पट खाली येतो. २५० चं मशीन सर्वांत हळू चालताना ६० वर आलं असं धरा. तुमच्या ५२ घनमीटरच्या खोलीत ते तासाला जेमतेम एकदा हवा गाळतं. रात्रभर हिरवा दिवा आणि हलकी घरघर चालू, पण काम नावापुरतं.

म्हणून मशीन निवडताना एकच प्रश्न विचारा: मला झोप लागेल त्या स्पीडवर याचा सीएडीआर किती? काही कंपन्या प्रत्येक स्पीडचा आकडा माहितीपत्रकात देतात. दिला नसेल तर एक पायरी मोठं मशीन घ्या. २६० ची गरज असेल तर ४०० ते ४५० चं घेऊन मधल्या स्पीडवर चालवणं मला केव्हाही जास्त पटतं. पैसे जास्त जातात, पण मशीन रात्रभर खरोखर चालू राहतं. छोटं मशीन फुल स्पीडवर ठेवलं, तर पहिल्या आठवड्यातच घरातलं कुणीतरी आवाजाला कंटाळून बंद करतं.

खोलीत शिरल्यावर अर्धा तास फुल स्पीड आणि झोपताना मधला स्पीड, ही पद्धत चांगली. ऑटो मोडवर रात्रभर विसंबू नका. सेन्सरला हवा बरी वाटली की मशीन अगदी हळू होतं, आणि बाहेरून धूर झिरपत राहतो.

आमचं घर कौलारू आहे. खानापूरजवळ. प्युरिफायरचा उपयोग होईल का?

घर आहे तसं ठेवलं तर फार कमी होईल. यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे वाया जायची शक्यता इथेच सर्वांत जास्त असते.

आधी माप. छत उतरतं असेल आणि खाली सीलिंग नसेल, तर भिंतीची उंची आणि आढ्याची उंची यांची सरासरी घ्यायची. भिंत ९ फूट आणि आढं १५ फुटांवर, तर उंची १२ फूट. पण जुन्या घरांत आतल्या भिंती बहुतेक वेळा कौलांपर्यंत जातच नाहीत, आठ-नऊ फुटांवर थांबतात. वरून सगळ्या खोल्यांची हवा एक असते. अशा वेळी झोपायची खोली १० बाय १२ ची असली तरी मशीनला अख्खं घर गाळावं लागतं. २० बाय ३० चं घर, सरासरी १२ फूट उंची, म्हणजे ७,२०० घनफूट किंवा २०४ घनमीटर. पाचने गुणलं तर हजाराच्या वर सीएडीआर लागतो. एवढं मशीन घरगुती बाजारात सहज मिळत नाही.

मापापेक्षाही मोठी अडचण कौलांमधल्या फटींची आहे. बाहेरची हवा तासाला एकदा आत येत असेल आणि मशीन पाच वेळा गाळत असेल, तर आतली धूळ बाहेरच्याच्या साधारण एक-षष्ठांशावर येते. बाहेर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा आकडा ९० असेल तर आत १५. पण वळचणीतून, कौलांच्या फटींतून वारा तासाला आठ वेळा हवा बदलत असेल, तर तेच मशीन ९० वरून ५५ पर्यंतच आणू शकतं. मशीनमध्ये दोष नसतो, तरी घरातल्यांना वाटतं की ते बिघडलंय.

उपाय म्हणजे एकच खोली निवडणं. जिच्यावर माळा आहे अशी खोली घ्या. माळ्याच्या फळ्यांवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, भिंत आणि माळा यांच्यातली फट बुजवा, दाराच्या खाली पट्टी लावा. मग त्या खोलीचं माप काढून मशीन घ्या. १० बाय १२ ची, ९ फुटांवर माळा असलेली खोली ३१ घनमीटरची भरते आणि तिला १५५ ते १६० पुरतात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. ज्या खोलीत चूल, पाण्याचा बंब, शेगडी किंवा गॅस गीझर आहे, ती खोली अशी बंद करायची नाही. प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड अडवू शकत नाही. त्या वायूला वास नसतो आणि तो झोपेत जीव घेतो.

खिडक्या दिवसभर बंद ठेवायच्या का?

नाही. माणसांच्या श्वासाने साठणारा कार्बन डायऑक्साइड फिल्टरमधून तसाच पार होतो, आणि तीन-चार माणसं बंद खोलीत झोपली की सकाळी डोकं जड होतं. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी ऊन तापलं की धूर वर उठतो आणि पांगतो, म्हणून दुपारी बारा ते चारच्या दरम्यान खिडक्या सताड उघडा. धूर साचतो तो संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे. त्या वेळी बंद करा. शेजारच्या शेतात पाचट पेटवलं असेल तर अर्थातच वेळ पाहायची नाही, लगेच बंद करा.

आमच्या घराशेजारी जर्द्याचं गोदाम आहे, निपाणीत. वास आणि शिंका दोन्ही जातील का?

शिंका कमी होऊ शकतात, वासाचं सांगणं कठीण. तंबाखूची भुकटी हा जाडसर कण आहे. तो पुढच्या जाळीत आणि मुख्य फिल्टरमध्ये अडकतो, पण जाळी आठवड्यातच भरते, म्हणून ती वारंवार साफ करावी लागते. शिवाय जड कण हवेत फार वेळ तरंगत नाहीत, ते फरशीवर बसतात. तिथे ओल्या फडक्याने पुसणं मशीनइतकंच कामाचं आहे. झाडूने ते पुन्हा उडतात.

वास हा वायू असतो आणि त्याचं काम कार्बनच्या थराकडे असतं. स्वस्त मशीनमध्ये काळ्या स्पंजासारखी पातळ चकती असते, तिच्यात कार्बन अगदी थोडा. गोदाम किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीसारखा रोजचा वास असेल तर ती काही आठवड्यांत भरून जाते. दाणेदार कार्बन भरलेला, हातात घेतल्यावर वजन जाणवणारा फिल्टर असेल तरच आशा धरा. आणि आयोनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, कारण त्यातून ओझोन तयार होऊ शकतो.

फिल्टर बदलायचा लाल दिवा लागला. लगेच बदलायचा?

बहुतेक मशीनमध्ये तो दिवा म्हणजे नुसतं घड्याळ असतं. पंखा किती तास चालला ते मोजायचं आणि ठरलेल्या तासांनंतर दिवा लावायचा. फिल्टरमध्ये किती धूळ अडकली याची त्याला कल्पना नसते. सदाशिवनगरच्या बंद फ्लॅटमधला आणि हायवेलगतच्या घरातला फिल्टर एकाच दिवशी संपला असं ते सांगतं.

प्रत्यक्षात फिल्टरचं आयुष्य खोलीतल्या धुरावर ठरतं. चिनी मानकात यासाठी सीसीएम नावाचं माप आहे: सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने किती मिलिग्रॅम धूर गिळला. सर्वांत वरची पायरी पी ४, म्हणजे १२,००० मिलिग्रॅम किंवा जास्त. आता २५० चं मशीन रोज १० तास चालतं असं धरा. खोलीतला पीएम २.५ चा आकडा सरासरी १५ असेल तर फिल्टर रोज सुमारे ३७ मिलिग्रॅम अडवतो आणि जवळजवळ ३२० दिवस टिकतो. खोली फटींची असेल आणि आकडा ४० च्या आसपासच राहत असेल, तर रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे १२० दिवस. हे माप सिगारेटच्या धुरावर घेतलेलं असतं, म्हणून दिवस तंतोतंत धरू नका. दोन्हींतलं अंतर मात्र खरं आहे. फट बुजवण्याचा खर्च फिल्टरमधून वसूल होतो.

फिल्टर काळा पडला की बदलायचा, हे बरोबर ना?

अर्धंच बरोबर. फिल्टर करडा होणं म्हणजे तो काम करतोय. कारखान्याच्या राखेने किंवा लाल मातीने तो महिन्यातच भयंकर दिसायला लागतो, तरी आत तो ठीक असू शकतो.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. फिल्टर दोन तऱ्हांनी निकामी होतो. पहिली तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे: तो धुळीने तुंबतो, हवा कमी येते, मशीनचा आवाज बदलतो. दुसरी तऱ्हा डोळ्यांना दिसत नाही. घरगुती फिल्टर बहुतेक प्लॅस्टिकच्या बारीक धाग्यांचे असतात आणि त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण त्या भाराने ओढले जातात. फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती, मच्छर कॉइल, पाचटाचा धूर यांचे सूक्ष्म कण धाग्यांवर बसले की तो भार झाकला जातो. हवा पूर्वीइतकीच जोरात येते, फिल्टर फारसा मळलेलाही दिसत नाही, पण बारीक धूर आरपार जातो. म्हणून तोंडाशी टिश्यू पेपर धरून ‘हवा येतेय ना’ हे पाहण्याची युक्ती फक्त पहिल्या तऱ्हेचा बिघाड पकडते.

मग घरच्या घरी खरी तपासणी कशी करायची?

धूर निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. यासाठी पीएम २.५ दाखवणारा साधा मीटर लागतो. मशीनवरच आकडा दिसत असेल तर तोही चालतो, पण तो सेन्सर मशीनच्याच तोंडाशी असतो, म्हणून वेगळा मीटर चार-पाच फुटांवर ठेवलेला बरा. दमा असलेलं माणूस घरात असेल तर त्याला तेवढा वेळ बाहेर बसवा.

खिडक्या-दार बंद करा, छताचा पंखा अगदी हळू लावा. एक उदबत्ती लावा, मीटर ३०० च्या वर गेला की ती पाण्यात विझवा. दोन-तीन मिनिटं धूर सगळीकडे मिसळू द्या. मग प्युरिफायर फुल स्पीडवर लावा आणि आकडा ३०० वरून १५० वर यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. सुरुवातीचा आकडा मुद्दाम मोठा ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या वीस-तीसच्या धुळीने हिशोब बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी हेच प्युरिफायर बंद ठेवून करा. फटींतून आणि जमिनीवर बसून आपोआप किती धूर जातो ते त्यातून कळतं.

हिशोब असा:

```
सीएडीआर = घनमीटर × ४२ × (१/चालू मिनिटं − १/बंद मिनिटं)
```

तुमच्या ५२ घनमीटरच्या खोलीत ५२ गुणिले ४२ म्हणजे २,१८४. मशीन नवीन असताना धूर साडेसात मिनिटांत निम्मा झाला आणि मशीन बंद असताना ५२ मिनिटांत, असं धरू. २,१८४ भागिले ७.५ म्हणजे २९१. २,१८४ भागिले ५२ म्हणजे ४२. वजाबाकी २४९. खोक्यावरचा २५० खरा निघाला.

आठ महिन्यांनी पुन्हा मोजलं आणि आता १४ मिनिटं लागली. २,१८४ भागिले १४ म्हणजे १५६, वजा ४२, उरले ११४. निम्म्याहून खाली. दिवा हिरवा असला तरी हा फिल्टर बदलायचाच. उलट लाल दिवा लागला पण साडेआठ-नऊ मिनिटंच लागत असतील, तर घड्याळ रिसेट करा आणि एक महिन्याने परत मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवीन मशीन आणल्याच्या आठवड्यातच पहिलं मोजमाप घ्या आणि मिनिटं फिल्टरच्या कडेवर पेनाने लिहून ठेवा. तो आकडा नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार? याच रीतीने मधल्या स्पीडचा सीएडीआरही काढता येतो, जो कंपनी सांगत नाही. चाचणी दोन महिन्यांतून एकदा पुरे. रोज उदबत्ती लावून मोजत बसलात तर त्यानेच फिल्टर खराब होईल.

फिल्टर धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो का?

बाहेरची जाळी धुता येते, आणि धुवावीच. शहरात महिन्यातून एकदा, गोदाम किंवा हायवेजवळ दर आठवड्याला. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

आतला घड्या घातलेला हेपा फिल्टर धुवायचा नाही. पाण्याने धाग्यांवरचा भार जातो आणि घड्या चिकटतात. दिसायला तो पांढरा होतो आणि हवाही मोकळी येते, म्हणून माणसाला वाटतं की नवा झाला. उदबत्तीच्या चाचणीत लगेच कळतं. काठीने झोडपणं, गॅरेजमध्ये नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारणं यानेही तो फाटतो. पुढच्या बाजूने ब्रश लावलेला व्हॅक्यूम हलक्या हाताने फिरवला तर वरची लव निघते, एवढंच करा.

पावसाळ्यात काय करायचं? आमच्याकडे चार महिने भिंती ओल्या असतात.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. त्या दिवसांत बाहेरची धूळ धुऊन गेलेली असते आणि मशीन बऱ्याच वेळा लागतच नाही. ते नुसतं कोपऱ्यात उभं राहिलं, तर फिल्टर ओल धरतो. वापरायचं नसेल तर कोरड्या दिवशी तासभर चालवून फिल्टर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. मशीन सुरू केल्यावर कुबट वास आला तर मिनिटं मोजू नका, फिल्टर बदला. बुरशी लागलेला फिल्टर घरात चालवायचा नाही.

पावसाळ्यात मीटरच्या आकड्यावरही फार भरवसा ठेवू नका. हे स्वस्त लेझर सेन्सर धुक्याच्या थेंबांनाही धूळ समजतात. दमट सकाळी आकडा अचानक चढलेला दिसला आणि डोळ्यांना, घशाला काही जाणवत नसेल, तर कारण बहुधा तेच.

नवा फिल्टर बसवला, तरी हवा सुधारत नाही. फिल्टर बनावट आहे का?

आधी फिल्टर बाहेर काढा आणि त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी काढलीय का ते बघा. नवे फिल्टर पिशवीत गुंडाळून येतात आणि ती तशीच आत राहणं हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. मशीन चालतं, दिवे लागतात, हवा मात्र कडेने थोडीशी फिरते. मग बाण किंवा ओढायची पट्टी योग्य बाजूला आहे का, झाकण घट्ट बसलंय का ते पाहा. कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा फिल्टरला टाळून तिकडून जाते.

हे सगळं नीट असेल तर उदबत्तीची चाचणी करा. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फिल्टर नेहमीच वाईट असतो असं नाही. पण ‘एच १३’ छापायला काही लागत नाही. मूळ फिल्टरसोबत साडेसात मिनिटं लागत होती आणि या नव्यासोबत बारा लागतात, तर तो परत करा. बिल आणि मिनिटांची नोंद दोन्ही दुकानदारासमोर ठेवली की बोलणं सोपं जातं.

लाइट गेली-आली की मशीन पुन्हा आपोआप सुरू होतं का?

मशीनवर अवलंबून. फिरवायचं बटण असलेलं मशीन बहुधा सुरू होतं. टच पॅनेलची काही मशीन बंदच राहतात. घेतल्या दिवशी प्लग काढून परत लावून बघा. रात्री दोनला लाइट गेली आणि सव्वादोनला आली, तर उरलेली रात्र मशीन बंद असेल हे आधी माहीत हवं. असं मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मधल्या स्पीडवर ते एखाद्या बल्बइतकीच वीज खातं, इन्व्हर्टरवर भार येत नाही.

जुना फिल्टर कुठे टाकायचा?

मशीन बंद करून, तोंडाला मास्क लावून फिल्टर बाहेर अंगणात काढा, घरात झटकू नका. नव्या फिल्टरच्याच पिशवीत घालून तोंड बांधा आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या. परसात पेटवू नका, त्यात प्लॅस्टिक असतं. पिशवी बांधायच्या आधी त्याच्या कडेवर लिहिलेली मिनिटं आणि बसवल्याची तारीख नव्या फिल्टरवर उतरवून घ्या.